पुण्याचा पगार, कोल्हापूरचा पत्ता

बायकोची बदली कोल्हापूरला झाली आणि आम्ही वाकडचा भाड्याचा फ्लॅट सोडून नागाळा पार्कात राहायला आलो. ती केंद्रीय जीएसटीमध्ये आहे, त्यामुळे बदली हा आमच्या घरात नवा विषय नाही. माझी नोकरी एका अमेरिकन कंपनीत, बॅकएंड इंजिनिअरची. कंपनी पहिल्यापासून रिमोट. पुण्यातही तिचं ऑफिस नव्हतं. टीममधला एक जण बंगळुरात, एक भोपाळला, एक इचलकरंजीत आणि लीड पोर्टलंडला. मी वाकडच्या बेडरूममधून कोड लिहायचो, आता नागाळा पार्कातल्या बेडरूममधून लिहिणार होतो. कंपनीच्या बाजूने फरक एवढाच की लॅपटॉप परत करायची वेळ आली तर कुरिअर कुठून येणार.

एचआर पोर्टलवर ‘लोकेशन चेंज’चा फॉर्म असतो. नवा पत्ता, कधीपासून, कारण. सगळ्यात खाली एक चौकोन, त्यावर टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही: जिओ धोरणानुसार तुमच्या वेतनाचा फेरविचार होऊ शकतो, हे मला मान्य आहे. टिक केली. आठवडाभरात मेल आला. सध्याचा झोन: इंडिया टियर १. नवा झोन: इंडिया टियर ३. जिओ फॅक्टर, म्हणजे राहत्या ठिकाणाप्रमाणे पगाराच्या हिशेबाला लावायचा गुणक, १.०० वरून ०.८५. आणि ठळक अक्षरांत एक ओळ, की तुमच्या सध्याच्या पगारात कोणताही बदल होणार नाही.

मित्रांचं म्हणणं, सुटलास की! पगार कापला नाही ना? मग झालं. इथेच मेख आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

अशा कंपन्यांमध्ये प्रत्येक पदाला आणि लेव्हलला एक पगाराचा पट्टा असतो, त्याला बँड म्हणतात. त्याच्या मधोमध असलेला आकडा म्हणजे मिडपॉइंट. माझ्या लेव्हलचा टियर १ चा मिडपॉइंट २४ लाख धरू आणि माझा पगारही २४ लाख धरू (खरे आकडे थोडे वेगळे आहेत, गणित तेच). पगाराला मिडपॉइंटने भागलं की येतो तो कॉम्पा रेशो. पुण्यात माझा १.०० होता, म्हणजे कंपनीच्या हिशेबाने मी जिथे असायला हवा तिथेच होतो. कोल्हापूरला आलो आणि मिडपॉइंट २४ गुणिले ०.८५, म्हणजे २०.४० लाख झाला. पगार तोच २४ लाख. कॉम्पा रेशो झाला १.१८. रात्रीत मी ‘जास्त पगार घेणारा’ माणूस झालो.

आणि वार्षिक वाढ या रेशोवर ठरते. आमच्याकडे त्याचा एक तक्ता आहे, मेरिट मॅट्रिक्स. एका बाजूला अप्रेजलचं रेटिंग, दुसऱ्या बाजूला कॉम्पा रेशो. चांगलं रेटिंग असेल तर ०.९० च्या खालच्याला ११ टक्के, ०.९० ते १.१० मधल्याला ८ टक्के, १.१० च्या वरच्याला ४ टक्के. कल्पना अशी की जो मागे राहिलाय त्याला ओढून घ्यायचं आणि जो पुढे गेलाय त्याला थोपवायचं. एकाच गावात राहणाऱ्या लोकांसाठी हे ठीकच आहे. पण पत्ता बदलला की तोच तक्ता वेगळंच काम करायला लागतो.

मी एक्सेल उघडून दोन वर्षं पुढची मांडली. बँड दरवर्षी ५ टक्क्यांनी सरकतो असं धरलं. पुण्यात राहिलो असतो तर दोन वाढींनंतर पगार २७.९९ लाख. कोल्हापूर टियर ३ मध्ये, तेच काम, तेच रेटिंग, पगार २५.९६ लाख. वर्षाला दोन लाखांचा फरक, आणि तो दर वर्षी वाढत जाणारा. मेलमधली ठळक ओळ खोटी नव्हती. कापलं काहीच नव्हतं. फक्त वाढ निम्म्यावर आणली होती.

एचआरमधल्या ज्या मॅडमशी बोलणं झालं त्या नागपूरच्या निघाल्या, त्यामुळे निम्मी मीटिंग मराठीत झाली. मी पहिला प्रश्न विचारला तो महागाईचा. कोल्हापुरात स्वस्ताई आहे म्हणून कमी देताय का? त्या म्हणाल्या, “नाही हो. तुम्ही भाडं किती भरता त्याच्याशी आमचा संबंध नाही. त्या शहरात या कामाला बाजार काय भाव देतो, ते आम्ही बघतो.”

हे उत्तर त्यांचं एकटीचं नाही. या धंद्यात सगळे हेच म्हणतात. गिटलॅब ही कंपनी आपली पगाराची पद्धत उघड मांडते, त्यांच्या हँडबुकात लोकेशन फॅक्टर आहे, आणि तिथेही स्पष्ट लिहिलंय की हा राहणीमानाच्या खर्चाचा नाही, स्थानिक बाजारभावाचा आकडा आहे. गूगलने २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी एक कॅल्क्युलेटर काढला होता, घरून काम करायचं ठरवलं तर पगार किती होईल ते दाखवणारा. रॉयटर्सने त्याचे स्क्रीनशॉट पाहून बातमी दिली होती: न्यूयॉर्कहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या स्टॅमफर्डमध्ये राहून घरून काम केलं तर पगार १५ टक्क्यांनी कमी. तेव्हाही कंपनीचं म्हणणं हेच, की आम्ही नेहमी स्थानिक बाजाराप्रमाणेच देतो.

महागाईचा मुद्दा सोडून बाजाराचा धरण्यात कंपनीची सोय आहे. महागाई म्हटलं की माणूस पावत्या काढतो. माझ्याकडेही होत्या. वाकडला टू-बीएचकेला ३२ हजार भाडं, इथे १४ हजार, म्हणजे १८ हजार वाचले. टियर ३ चा पूर्ण कट लागला असता, तर महिन्याला ३० हजार गेले असते. आणि लॅपटॉप, इन्व्हर्टर, पोरीची ऑनलाइन शिकवणी, पुण्यातल्या बुक केलेल्या फ्लॅटचा हप्ता हे कोल्हापुरात १५ टक्क्यांनी स्वस्त मिळत नाही. उलट पुण्यात वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या, भाडं शून्य असलेल्या माझ्या सहकाऱ्याला पुण्याचाच दर. महागाईच्या वादात कंपनी टिकत नाही, म्हणून ती त्यात पडतच नाही.

मग मी बाजारावर आलो. म्हटलं, ठीक आहे, कोल्हापुरात माझ्या कामाचा भाव ठरवला कुणी?

याचं उत्तर शोधायला मला राजारामपुरीत जावं लागलं. तिथे माझा कॉलेजचा एक मित्र छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो, वीसेक पोरं आहेत. कोल्हापूरचा ‘स्थानिक बाजार’ म्हणून जे काही आहे, ते हेच: त्याच्यासारख्या कंपन्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना ईआरपी बसवून देणारे, वेबसाइटवाले. मी त्याला विचारलं, आठ-दहा वर्षं अनुभवाच्या बॅकएंडवाल्याला तू काय देतोस?

“देतोस म्हंजे? हाय कुठं माझ्याकडं?” तो म्हणाला. “तीन वर्षं झाली की पोरगं एक तर पुण्याला जातंय, न्हाई तर घरात बसून बंगळूरचं काम करतंय. मला परवडत न्हाई, त्याला मी परवडत न्हाई.”

पगाराच्या सर्व्हेचा फॉर्म कधी आलाय का, असंही विचारलं. या सर्व्हेंचा धंदा मोठा आहे. मर्सर, एऑनसारख्या संस्था कंपन्यांकडून पद, लेव्हल, शहर असा पगाराचा डेटा गोळा करतात आणि सहभागी कंपन्यांना तो परत विकतात. माझ्या मित्राने त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. ऐकलं असतं तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण माझ्या लेव्हलचा माणूसच त्याच्याकडे नाही. म्हणजे कोल्हापुरातल्या सीनियर बॅकएंड इंजिनिअरचा स्थानिक भाव काढायचा, तर काढणार कुणाच्या पगारावरून? जे आहेत ते घरात बसलेत आणि त्यांना पगार देणाऱ्या कंपन्या बाहेरच्या आहेत. बाजार आहे, पण तो कोल्हापूरचा नाही, अख्ख्या देशाचा आहे. मी उद्या राजीनामा दिला तर राजारामपुरीत अर्ज करणार नाही, आणि माझ्या जागी कंपनी माणूस शोधेल तोही राजारामपुरीत शोधणार नाही.

पुढच्या मीटिंगला मॅडमबरोबर पगाराची धोरणं ठरवणाऱ्या कॉम्प टीमचा एक जण होता, त्यामुळे भाषा इंग्रजी झाली. मी लेखी प्रश्न आधी पाठवले होते, ते दोनच होते. कोल्हापूरचा ०.८५ हा आकडा कोणत्या सर्व्हेतून आला? आणि त्या सर्व्हेत कोल्हापुरातल्या किती कंपन्या आहेत? मीटिंगमध्ये बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग त्या गृहस्थाने सरळ सांगितलं. कोल्हापूरचा वेगळा डेटा नाही. त्यांच्याकडे शहरांची यादी आहे. टियर १ मध्ये बंगळूर, मुंबई, पुणे, हैदराबाद वगैरे, टियर २ मध्ये नाशिक, नागपूर, इंदूर, कोची अशी काही नावं, आणि यादीत जे नाव सापडत नाही ते आपोआप टियर ३. म्हणजे माझं शहर तिसऱ्या दर्जाचं आहे असं कुणी ठरवलंच नव्हतं. ते यादीत नव्हतं, एवढंच.

माणूस प्रामाणिक होता हे मी मान्य करतो. अनेक ठिकाणी “ही माहिती गोपनीय आहे” म्हणून विषय संपवतात.

इथे मला बायकोच्या पगारपत्रकाचा उपयोग झाला. सातव्या वेतन आयोगाच्या नियमांत केंद्र सरकारने घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग केलेत. पुणे एक्स, कोल्हापूर वाय. नाशिक, नागपूर, सोलापूर, सांगली हेही वायच. २०२४ च्या जानेवारीपासून दर ३०, २० आणि १० टक्के आहेत. तिचं मूळ वेतन ५२ हजार. बदलीनंतर घरभाडे भत्ता १५,६०० वरून १०,४०० झाला. पुणे मोठ्या वाहतूक भत्त्याच्या शहरांमध्ये आहे, कोल्हापूर नाही, म्हणून तो ३,६०० वरून १,८०० झाला. मूळ वेतन ५२ हजारच. महागाई भत्त्याचा दर तोच, वेतनवाढ तीच. पुण्याला परत बदली झाली की भत्ते परत वर.

सरकारही गावाप्रमाणे पैसे कमी-जास्त देतं, पण ते भत्त्यात. कामाची किंमत म्हणजे मूळ वेतन, त्याला हात लावत नाही. माझी कंपनी फॅक्टरने अख्ख्या बँडलाच गुणते, त्यामुळे वाढ, बोनस, पुढे मूळ पगारावर ठरणारी ग्रॅच्युइटी, सगळं त्यात ओढलं जातं. बायकोला आमच्याकडचं गणित सांगितलं तर म्हणाली, “अरे, मग तुमच्यात बदली झाली की माणूसच ज्युनिअर होतो की.”

मी दोन मागण्या ठेवल्या. पहिली, फॅक्टर मूळ पगारावर नको, वेगळ्या लोकेशन अलाउन्समध्ये ठेवा. ती तिथल्या तिथे फेटाळली गेली. जगभरासाठी एकच पद्धत आहे, एका देशासाठी मोडता येणार नाही, म्हणे. दुसरी, कोल्हापूर नाशिक-नागपूरच्या रांगेत आहे असं केंद्र सरकारची यादी सांगते, मग तुमच्याकडे डेटा नसताना ते टियर ३ मध्ये कशाच्या आधारावर? आणि तिसरी गोष्ट मागणी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितली: भारतभर एकच दर देणाऱ्या एका कंपनीशी माझं बोलणं बरंच पुढे गेलंय. अशा कंपन्या आहेत. एअरबीएनबीने २०२२ मध्ये देशाच्या आत कुठेही राहा, पगार तोच, असं जाहीर केलं होतं. ३७सिग्नल्स तर जगात कुठेही असा, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजाराप्रमाणे देते. स्थानिक बाजारभाव हाच जर तुमचा आधार असेल, तर मला दुसरीकडून मिळणारा भाव हाच माझा बाजार, असं म्हणालो. यावर कुणी वाद घातला नाही.

कंपनीचा एक मुद्दा मात्र मला तेव्हाही पटला होता आणि आताही पटतो. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही पुण्याच्या दराने कोल्हापुरात राहिलात, तर ज्याला आम्ही टियर ३ मधूनच घेतलंय त्याला काय सांगू?” त्यांनी नाव घेतलं नाही, पण मला माहीत होतं. आमच्या टीमचा इचलकरंजीचा सहकारी. माझीच लेव्हल, माझ्याच कोडचे रिव्ह्यू करतो, आणि तो मला आधी एकदा बोलता बोलता म्हणाला होता की तो १९ वर आलाय. पुण्यातून येणाऱ्याचा पगार कापत नाहीत. पण इथूनच घेतलेल्याला पहिल्या दिवसापासून कमी देतात, कारण त्याला कधी जास्त दिलेलंच नसतं. त्याला मेलही येत नाही, चौकोनावर टिकही करावी लागत नाही. फक्त या न्यायाचा उपाय म्हणून त्याला वर आणायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, मला खाली आणायचं येतं.

बरेच दिवस काही कळलं नाही, मग निर्णय आला. कोल्हापूर शहराचं नाव यादीत टियर २ मध्ये घातलं, फॅक्टर ०.९२. मिडपॉइंट २२.०८ लाख, माझा कॉम्पा रेशो १.०९. म्हणजे मी ८ टक्क्यांच्या रकान्यात परत आलो, काठावर का होईना. पण काठावरच. पुढच्या वर्षी पगार २५.९२ लाख होईल, मिडपॉइंट ५ टक्क्यांनी वाढून २३.१८ होईल, रेशो १.१२, आणि मी पुन्हा ४ टक्क्यांत. दोन वर्षांनी २६.९६ लाख. पुण्यापेक्षा एक लाख कमी, टियर ३ पेक्षा एक लाख जास्त. मी ते घेतलं. दुसऱ्या कंपनीचा आकडा याहून चांगला होता, पण तिथे रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेच्या वेळेत बसायचं होतं आणि घरी लहान पोर आहे.

ज्यांना माझ्यासारखं पुणं सोडून जायचंय ते हल्ली विचारतात, पुण्याचाच पत्ता ठेवला असता तर? ठेवतात लोक, काकाचा नाही तर मित्राचा. पण लॅपटॉप कुठून लॉगिन होतो हे आयटीवाल्यांना दिसतं, आणि खोटा पत्ता हे नोकरीतून काढायला पुरेसं कारण ठरतं. त्यापेक्षा फॉर्म भरण्याआधी टियरची यादी, मेरिट मॅट्रिक्स आणि आपला मिडपॉइंट हे तिन्ही लेखी मागून घ्यावेत. कायद्याचा आधार मात्र फारसा नाही. समान कामाला समान वेतन हा आपल्याकडचा वेतनाचा कायदा लिंगभेदासाठी आहे, खासगी कंपनीने दोन शहरांत दोन दर लावू नयेत असं तो म्हणत नाही.

इचलकरंजीच्या सहकाऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याला आशा वाटली, कारण त्याचं गणित माझ्यापेक्षा सोपं होतं: १९ लाखांवर टियर २ चा मिडपॉइंट धरला तर रेशो ०.८६, म्हणजे सरळ ११ टक्क्यांचा रकाना. त्याने अर्ज केला. उत्तर आलं की बदल ‘कोल्हापूर शहरा’पुरता आहे, जिल्ह्याचा नाही. इचलकरंजीला २०२२ पासून स्वतःची महानगरपालिका आहे, त्यामुळे ते वेगळं शहर, आणि ते यादीत नाही. मी वापरलेला सरकारी यादीचा दाखला त्याला वापरता येत नाही, कारण त्या यादीत इचलकरंजी झेडमध्ये आहे. आमच्या दोघांमधलं अंतर कमी व्हायला हवं म्हणून मला खाली आणायला निघालेल्या कंपनीने ते तसंच ठेवलं, उलट पुढच्या वाढीला आणखी वाढेल. आता तो राजारामपुरीचा मुद्दा घेऊन भांडतोय, म्हणजे तुमच्या सर्व्हेत इचलकरंजीच्या किती कंपन्या आहेत ते दाखवा. दुसरी मीटिंग पुढच्या सोमवारी आहे आणि माझं एक्सेल त्याच्याकडे आहे.